वय किती? ३,९१४ दिवस. आणि ठोके?

फळाखडू

मंडळी, वर्गातला एक वाद इथे आणते आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पाचवी-सहावीला गणित आणि विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारी २०२६ ला विज्ञान दिन, त्यात शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. परिपाठ झाल्यावर मुलांना एक काम दिलं: आपलं वय आधी दिवसांत काढा, मग तासांत, मग हृदयाच्या ठोक्यांत. कार्डशीटवर लिहा आणि भिंतीवर लावा. जन्मवेळ घरून विचारून आणायला आदल्या दिवशी सांगितलं होतं.

पाचवीतली एक मुलगी आहे, तिला इथे ठकी म्हणू. जन्म १२ जून २०१५, दुपारी ४ वाजून २० मिनिटं. आम्ही हिशोब सकाळी साडेआठचा धरला. तिचं उत्तर: ३,९१४ दिवस, ९३,९२८ तास आणि ४७,३३,९७,९६० ठोके. नाडी पंधरा सेकंद मोजली, २१ आली, चारने गुणून ८४, आणि मग जन्मापासूनच्या सगळ्या मिनिटांना ८४ ने गुणलं. गुणाकार मी तपासला, चोख आहे.

तिच्या बाकावरचा मुलगा तिच्याहून दहा दिवसांनी लहान. त्याची नाडी ९६ आली आणि ठोके झाले जवळजवळ ५४ कोटी. तो उभा राहिला, "बाई, मी लहान आहे तर माझे ठोके साडेसहा कोटींनी जास्त कसे?"

मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. "सोमवारी सांगते" म्हटलं आणि तो सोमवार येऊन गेला. शिवाय निम्म्या वर्गाचे दिवस एकेकाने जास्त आले आहेत. ठकीच्याच तारखेची दुसरी मुलगी आहे, ती ३,९१५ वर अडून बसली आहे. कोण बरोबर?

आकडेमोड

दिवसांचं आधी मिटवू, ते मिटण्यासारखं आहे. ठोक्यांचं तसं नाही.

१२ जून २०१५ ते १२ जून २०२५ ही दहा वर्षं. ३,६५० दिवस, वर २९ फेब्रुवारी तीनदा आला, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये. म्हणजे ३,६५३. पुढे १२ जून ते ३० जून १८ दिवस, मग जुलै ते जानेवारी पूर्ण महिने आणि फेब्रुवारीचे २८. ही बेरीज २६१. एकूण ३,९१४. ठकी बरोबर.

३,९१५ वालीने जन्माचा दिवसही धरला आणि २८ फेब्रुवारीचाही. तिला चूक म्हणू नका, तिने वेगळ्या प्रश्नाचं उत्तर काढलं आहे. आपल्याकडे आजी म्हणते ना, "दहा पूर्ण, अकरावं चालू"? तसंच इथे ३,९१४ पूर्ण, ३,९१५ वा चालू. वय सांगताना आपण पूर्ण झालेलं सांगतो.

आता पडताळा. दिवसांच्या आकड्याला ७ ने भागा आणि बाकी पाहा. ३,९१४ ला भागलं तर बाकी १. २८ फेब्रुवारीला शनिवार, त्याच्या १ दिवस मागे शुक्रवार. १२ जून २०१५ ला शुक्रवारच होता, जुनं कॅलेंडर काढून बघा. ३,९१५ ची बाकी २ येते, म्हणजे गुरुवार. वार जुळला नाही की कुठेतरी एखादा दिवस आत-बाहेर झालाय हे लगेच कळतं. एखादा लीप दिवस विसरला तरी हा पडताळा पकडतो. फक्त बरोबर सातच्या पटीत चूक झाली तर सुटते, पण तशी चूक करायला वेगळीच हुशारी लागते.

तासांचं एक चांगलं झालं, ठकीने नुसतं २४ ने गुणलं नाही. ३,९१४ × २४ केलं तर ९३,९३६ येतात. पण शनिवारी साडेआठला तिचा ३,९१४ वा दिवस पुरा व्हायला अजून ७ तास ५० मिनिटं बाकी होती. ते वजा केल्यावर ९३,९२८ तास १० मिनिटं. मिनिटं होतात ५६,३५,६९०. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फुकटसल्ला

एवढा काथ्याकूट कशाला? पुस्तकात मिनिटाला ७२ ठोके दिलेत, सगळ्यांना ७२ ने गुणायला लावा. जो मोठा त्याचे ठोके जास्त, वाद मिटला.

आणि मुलांना हेही सांगा की निसर्गाने प्रत्येक प्राण्याला साधारण शंभर कोटी ठोके मोजून दिलेत. उंदीर ते लवकर संपवतो, हत्ती सावकाश. म्हणजे ठकीचे निम्मे झालेच की!

फळाखडू

अहो, ते कुठून तरी वर्गात आधीच पोचलंय. एका मुलाने खो-खोला यायला नकार दिला. का, तर "पळालो की ठोके लवकर संपतात." मुलगा गंभीर होता, बाकीचे हसले नाहीत, तेही विचारात पडले. तुम्ही म्हणताय तसं ७२ ने गुणलं तर ठकीचे ४० कोटी ५८ लाख होतात. पण तिची नाडी ७२ नाहीच आहे ना?

बालरोगवाला

दवाखाना आटोपून लिहितोय, उशीर झाला.

आधी खो-खोवाल्या मुलाचं. शंभर कोटींची गोष्ट अगदीच हवेतली नाही. चिचुंदरीसारख्या चिमुकल्या श्रूचं हृदय मिनिटाला आठशेच्या आसपास धडधडतं आणि ती वर्ष-दोन वर्षं जगते. हत्तीचं तीसच्या आसपास आणि तो साठेक वर्षं. गुणाकार केलात तर दोघेही शंभर कोटींच्या जवळपास येतात. पण माणूस या रांगेत बसतच नाही. ७२ ने सत्तर वर्षांचे २६५ कोटी होतात. आणि रांगेत बसणाऱ्यांनाही कोणी मोजून दिलेले नसतात. लहान प्राण्याचं सगळंच भरभर चालतं, एवढाच त्याचा अर्थ. ठोके संपतात म्हणून जीव जात नाही, जीव जातो म्हणून ठोके थांबतात.

त्या मुलाला आकड्यांतच सांगा. रोज एक तास पळताना नाडी ८० ऐवजी १५० झाली तर ७० × ६०, म्हणजे ४,२०० ठोके जादा खर्च. पण नियमित पळणाऱ्याची बसल्याजागची नाडी उतरते. ती पाचने जरी उतरली तरी उरलेल्या २३ तासांत ६,९०० वाचतात. पळणारा फायद्यातच राहिला. हा उतार मोठ्या माणसांत नीट दिसतो, दहा वर्षांच्या पोरात फार थोडा, तेवढं मनात ठेवा. पण खो-खोला पाठवायला पुरे.

आता ७२. तो मोठ्या माणसाचा आकडा आहे. मुलांच्या हृदयाचा वेग वयाबरोबर उतरत जातो आणि तुमच्या वर्गातला घोळ तिथेच आहे. ठकीची आजची ८४ ही आजची नाडी. तान्ही असताना तिची ८४ असती तर मी तिला घाईने तपासायला घेतलं असतं. पहिल्या वर्षात जागेपणी सरासरी १३५ धरा. मग तीन वर्षांची होईपर्यंत ११५, सहापर्यंत १०० आणि तिथून आजवर ८८. मुलामुलांत यात पुष्कळ फरक असतो, पण हिशोबाला चालेल.

एका वर्षात सव्वापाच लाखांहून थोडी जास्त मिनिटं असतात. त्या हिशोबाने पहिल्या वर्षाचे ७.१ कोटी, पुढच्या दोन वर्षांचे १२.१, त्यापुढच्या तिनांचे १५.८ आणि सहाव्या वाढदिवसापासून आजवरचे २१.८. बेरीज ५६.८ कोटी. ठकीच्या कार्डावर ४७ आहेत. सगळं आयुष्य आजच्या वेगाने मोजल्यामुळे जवळजवळ दहा कोटी हरवले.

आणि हे सगळे जागेपणीचे वेग. झोपेत नाडी उतरते, आणि मुलं दिवसाचे दहा-अकरा तास झोपतात, तान्ही बाळं त्याहून जास्त. झोपेत पंधराने कमी धरली तर साडेतीन-चार कोटी वजा होतील. उलट खेळताना, रडताना, तापात ती वाढते, त्याचे थोडे परत मिळवा. मी कार्डावर "सुमारे ५५ कोटी" लिहीन आणि कोणी ५२ म्हणालं तर भांडणार नाही.

सेवानिवृत्त६१

छान विषय. माझं पण वय दिवसांत काढून द्याल का? सरकारी कागदावर जन्म १ जून १९६१ आहे. आमच्या पिढीत अर्धा वर्ग १ जूनचाच असायचा, शाळेत घालताना मास्तर जी तारीख टाकतील ती. पण आई सांगायची की पानशेतचा पूर आला तेव्हा तू दोन दिवसांचा होतास, आणि वार सोमवार. आई आता नाही, विचारायची सोय नाही.

या १ जूनमुळे मला ३१ मेलाच घरी बसावं लागलं. जुलैचा जन्म लागला असता तर आणखी दोन पगार मिळाले असते. अर्जही केला होता, कोणी दाद घेतली नाही. असो.

आकडेमोड

काका, प्रश्न मुलांचा चालला होता, पण तुमचं उदाहरण मुलांच्या उदाहरणाहून सरस आहे.

पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, बुधवारी. दोन दिवस आधी १० जुलै, आणि बुधवारच्या दोन दिवस आधी सोमवार. तुमच्या आईने पूर आणि वार अशा दोन खुणा सांगितल्या आणि त्या एकमेकींशी जुळतात. १ जूनला गुरुवार होता. शाळेचा दाखला खोटा, आई खरी.

१० जुलै १९६१ ते १० जुलै २०२५ ही ६४ वर्षं, त्यात लीप दिवस १६, म्हणजे २३,३७६ दिवस. पुढे २८ फेब्रुवारीपर्यंत २३३. एकूण २३,६०९. सातने भागा, बाकी ५. शनिवारच्या पाच दिवस मागे सोमवार. दाखल्याप्रमाणे तुम्ही ३९ दिवसांनी थोरले आहात.

फुकटसल्ला

लीप दिवस १५ हवेत. २००० ला शंभराने भाग जातो, ते लीप वर्ष नव्हतं.

आकडेमोड

शंभराचा नियम बरोबर, पण चारशेने भाग गेला की तो उलटतो. २००० ला २९ फेब्रुवारी होता. तुमच्या १५ ने काकांचा वार मंगळवार निघतो. करून बघा.

फुकटसल्ला

केलं. मंगळवार आला. माघार.

पाचवीची_आई

आमच्या मुलाच्या शाळेतही हेच चाललंय, फक्त तिथे संगणकाच्या तासाला एक्सेलमध्ये करून घेतलं. मुलगा ४ सप्टेंबर २०१५ चा. त्याचे ३,९७८ दिवस आले. वर सांगितलेली सातची युक्ती केली तर गुरुवार येतो. मला पक्कं आठवतंय, शुक्रवार होता, कळा गुरुवारी रात्री सुरू झाल्या. मी गणितात कच्ची, पण त्या रात्रीच्या बाबतीत नाही.

सूत्र हेच होतं:

```
=B2-A2
```

आकडेमोड

सूत्रात दोष नाही, तारीख उलटी बसली आहे. तुम्ही 04/09/2015 लिहिलं असणार आणि संगणकाची मांडणी अमेरिकन असेल, महिना आधी. त्याने ९ एप्रिल वाचलं. ९ एप्रिल २०१५ ला गुरुवार होता, म्हणून तुमचा गुरुवार. खरे दिवस ३,८३०, बाकी १, शुक्रवार. मुलगा १४८ दिवसांनी थोरला झाला होता.

यातली गंमत अशी की ज्यांचा जन्म महिन्याच्या १३ ते ३१ तारखेचा, त्यांना `#VALUE!` दिसतं. पंचवीसावा महिना नसतोच, त्यामुळे तारीख नुसता मजकूर म्हणून पडून राहते आणि चूक डोळ्यांत भरते. १ ते १२ तारखेची मुलं मात्र गुपचूप चुकतात. वर्गात बहुतेकांना चूक दिसली आणि तुमच्या मुलाला दिसली नाही ती म्हणून. यावर साधा उपाय म्हणजे तारीख अशी द्या, त्यात मांडणीचा घोळ होत नाही:

```
=DATE(2026,2,28)-DATE(2015,9,4)
```

उत्तराच्या जागी एखादी जुनीपुराणी तारीखच उमटली तर घाबरू नका, त्या खणाची मांडणी आकड्याची करा.

जर्सीची_मावशी

अवांतर आहे का माहीत नाही. भाची न्यू जर्सीत जन्मली, ५ जानेवारी २०१६, रात्री ९ वाजता. आता पुण्यात शिकते. तिच्या वर्गातही तास काढायला दिलेत. भारतात तेव्हा ६ जानेवारीची सकाळ उजाडली होती, साडेसात. तासांसाठी कुठली वेळ धरायची?

आकडेमोड

अवांतर कसलं! तासांसाठी भारतातली धरा, ६ जानेवारी सकाळी साडेसात, कारण शेवटची वेळही भारतातलीच वाचणार आहात. दोन्ही टोकांना एकच घड्याळ हवं. नाही तर साडेदहा तास फुकट वाढतात. वाढदिवस मात्र पासपोर्टवरच्या ५ तारखेलाच करा, केक कापायला तासांचा हिशोब लागत नाही.

फळाखडू

बालरोगवाला, तुमचे चार टप्पे फळ्यावर मांडले. बाकावरच्या त्या मुलाला उत्तर मिळालं, असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "पण मग टप्पे सगळ्यांना सारखेच, तर आमच्या दोघांचे ठोके जवळजवळ सारखे येणार. मग नाडी मोजली कशाला?"

या प्रश्नावर मी अडले होते, म्हणून या शनिवारी पुन्हा नाडीच मोजायला बसवलं. जे दिसलं ते सांगते.

मागच्या वेळी मुलं मैदानावरून धावत वर्गात आली होती आणि मी लगेच "मोजा" म्हटलं होतं. तो मुलगा तर जिना दोन-दोन पायऱ्या चढून आला होता. आता पाच मिनिटं गप्प बसवलं. त्याची ९६ ची ८६ झाली. म्हणजे साडेसहा कोटींच्या फरकातला बराचसा जिन्याचा होता!

दुसरं म्हणजे काही जणांना नाडी सापडतच नाही. अंगठ्याने दाबतात आणि स्वतःच्याच अंगठ्यातली नाडी मोजतात. त्यांना मधली दोन बोटं, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर, हलके ठेवायला शिकवलं. तरीही न सापडणाऱ्यांच्या मनगटावर ओल्या चिकणमातीची बोराएवढी गोळी ठेवून तीत काडेपेटीची काडी उभी खोचली. हात बाकावर स्थिर ठेवला की काडी नाडीबरोबर डुलते. सगळ्यांची डुलली नाही, पण ज्यांची डुलली त्यांच्याभोवती गर्दी झाली.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर लिहायला बसले. ठकी "सुरू" म्हटल्यावर पहिल्या ठोक्याला "एक" म्हणते. तिच्या जोडीदाराला मी पहिल्या ठोक्याला "शून्य" म्हणायला लावलं आणि घड्याळ त्याच ठोक्यावर सुरू केलं. ठकीचे २१ आले, त्याचे २०, तेच मनगट, तेच पंधरा सेकंद. ८४ की ८०?

आकडेमोड

बाई, हा तर ३,९१४ आणि ३,९१५ चाच वाद परत आला! पहिला ठोका म्हणजे जन्माचा दिवस. ठोका मोजायचा नाही, दोन ठोक्यांमधलं अंतर मोजायचं. पहिल्या ठोक्यावर घड्याळ सुरू केलं तर तो ठोका शून्य. "एक" म्हटलं की चालू ठोका पूर्ण म्हणून धरला जातो.

फरक एवढाच की दिवसांत ती चूक एका दिवसाची राहते. नाडीत ती आधी चारने गुणली जाते आणि मग ५६,३५,६९० मिनिटांनी. पंधरा सेकंदांत चुकलेला एक ठोका शेवटी २ कोटी २५ लाख ठोके होतो. एका "शून्य" ऐवजी "एक" म्हटल्याने!

आता ठकीच्या ४७,३३,९७,९६० कडे पुन्हा बघा. तो ९६० कुठून आला? गुणाकारातून. हृदयातून नव्हे. एका ठोक्याच्या चुकीने सव्वादोन कोटी हलत असतील, तर कोटींच्या खालचे सगळे आकडे शोभेचे.

पूर्ण मिनिट मोजलं तर तीच चूक ५६ लाखांवर येते. पण पोरं साठच्या पुढे मोजणी विसरतात, म्हणून अर्धं मिनिट घ्या आणि तीनदा घ्या.

बालरोगवाला

आम्ही लहान मुलांची नाडी पूर्ण मिनिट मोजतो, तेही स्टेथोस्कोप छातीवर ठेवून. मुलांच्या नाडीचा वेग श्वासाबरोबर किंचित कमी-जास्त होतो, श्वास घेताना वाढतो, सोडताना उतरतो. हे निरोगी मुलांत अगदी नेहमीचं. पंधरा सेकंदांच्या खिडकीत तो चढ आला की उतार, यावरही एखादा ठोका इकडे-तिकडे होतो. बाई, तुमच्याकडे नरसाळं, रबराची नळी आणि फुगा असेल तर नरसाळ्यावर फुग्याचं रबर ताणून बांधा, नळीचं दुसरं टोक कानाला लावा आणि छातीवर ठेवून ऐकवा. मोजायला मनगटापेक्षा सोपं जातं.

आणि मानेवर मोजायला देत असाल तर एकाच बाजूला, हलक्या बोटाने. दोन्ही बाजू एकदम दाबायला देऊ नका.

बाकावरच्या मुलाचा प्रश्न मात्र खरा आहे. एका सकाळची नाडी त्याच्या मागच्या दहा वर्षांबद्दल फार थोडं सांगते. त्याचे ठोके ठकीपेक्षा जास्त की कमी, हे आज कोणालाच ठरवता येणार नाही.

पाचवीची_आई

माझ्या मुलाची १०४ आली म्हणून मी रात्रभर नेटवर वाचत बसले. बसूनच मोजली होती. दाखवायला न्यावं का?

बालरोगवाला

मोजताना तुम्ही त्याच्याकडे काळजीने बघत होतात का? मुलांना ते कळतं. उद्या तो झोपेत असताना मोजा, ताप नाही ना तेही बघा. जागेपणी शांत बसूनही या वयात काही मुलांत शंभर दिसते. झोपेतही शंभराच्या वर राहिली, किंवा खेळताना दम लागत असेल, छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर जवळच्या डॉक्टरांना दाखवा. इथे लिहून निदान होत नाही.

पाचवीची_आई

झोपेत ७८. आभार.

फुकटसल्ला

एक प्रश्न राहिला. हृदय जन्माआधीच सुरू होतं. मग ते ठोके कुणाच्या खात्यात?

बालरोगवाला

या वेळी तुम्ही चांगलं विचारलंत. गर्भधारणेनंतर साधारण बाविसाव्या दिवशी हृदय हलायला लागतं. तिथून जन्मापर्यंत आठ महिने, वेग १४० च्या आसपास. हिशोब केला तर जवळजवळ पाच कोटी. म्हणजे वय शून्य असताना ठोके पाच कोटी. ते धरले तर ठकी साठीच्या जवळ जाते.

मी धरणार नाही, कारण आपण "वय" काढतो आहोत आणि वय जन्मापासून. पण हृदयाला जन्मतारीख ठाऊक नसते, हेही खरंच.

फळाखडू

मी धरणार! म्हणजे मुलांना दोन्ही लिहायला सांगणार, वेगवेगळ्या रंगात.

केंद्रावरच्या प्रदर्शनाचं सांगायचं राहिलं. ठकीच्या कार्डावर "३,९१४ दिवस, ९३,९२८ तास, सुमारे ५५ कोटी ठोके" असं होतं. शेजारच्या शाळेच्या एका मुलाच्या कार्डावर ठोके शेवटच्या आकड्यापर्यंत लिहिलेले, खाली सेकंदही. परीक्षक म्हणाले, "याने नेमकं काढलंय, हिने अंदाजे." पहिला नंबर त्याला. ठकीने परीक्षकांना विचारलं, "सर, त्याने मोजायला एक म्हणून सुरुवात केली होती की शून्य?" सरांना प्रश्न कळला नाही आणि मला तिथे समजावत बसणं प्रशस्त वाटलं नाही. बोलायला हवं होतं का, अजून ठरत नाही.

आकडेमोड

बोलायला हवं होतं. पण ठकी बोलली, ते बरं झालं.

तिला सांगा, तिचे ४,००० दिवस २५ मेला पूर्ण होतात, सोमवारी. वार तिचा तिला पडताळू दे.

फळाखडू

सांगितलं. वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला, बाकी ३, शुक्रवारपासून पुढे तीन, सोमवार. मग म्हणाली, "बाई, २५ ला पूर्ण होतात, पण ४,००० वा दिवस २४ ला चालू असेल ना? ४ वाजून २० ला सुरू होणार." आइस्क्रीम कधी खायचं यावर घरी चर्चा चालू आहे. सुट्टीच असेल, त्यामुळे दोन्ही दिवस खाणार असा रंग दिसतोय.

सेवानिवृत्त६१

माझे २४,००० कधी?

आकडेमोड

काका, दाखल्याप्रमाणे १५ फेब्रुवारी २०२७. आईप्रमाणे २६ मार्च २०२७, शुक्रवार.

सेवानिवृत्त६१

२६ मार्च लिहून ठेवला.